आठशे पानांचा अहवाल आणि निळ्या पाकळ्या

रुग्णालयातून घरी आलेल्या रुग्णाची फाईल तुम्ही कधी हातात घेतली असेल. तपासण्यांचे कागद, औषधांचे तक्ते, एक्स-रे, बिले, सगळे मिळून शंभर पाने सहज होतात. नातेवाईक ती फाईल कपाटात ठेवतात आणि वाचतात फक्त शेवटचे एक पान : कोणती गोळी कधी घ्यायची, पुन्हा केव्हा यायचे. यात त्यांचे काही चुकत नाही. शंभर पाने ज्यांच्यासाठी असतात ते वेगळे, आणि ते एक पान ज्यांच्यासाठी असते ते वेगळे.

सार्वजनिक आरोग्याच्या अहवालांचे तसेच आहे. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी रोज एकपानी चित्रे पाहिली. आकडे, रंग, बाण, टक्केवारी. त्यांना इन्फोग्राफिक म्हणतात हेही आता सर्वांना माहीत झाले आहे. पण मोठा अहवाल न उघडणाऱ्यांसाठी त्याचे एक पान करायचे, हा खटाटोप जुना आहे. त्यातले सर्वांत गाजलेले पान १८५८ सालचे. ते तयार करणाऱ्या बाईंचे नाव आपण शाळेत वेगळ्याच कारणाने शिकतो : फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

हातात दिवा घेऊन फिरणारी परिचारिका ही त्यांची ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. आज त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल लिहितो. त्या पानात काय घेतले, काय सोडले, कुठे अडखळायला झाले आणि त्या पानाने काय लपवले, हे समजून घेण्यासारखे आहे.

अहवाल कशाचा होता?

क्रिमियन युद्धात ब्रिटन १८५४ च्या मार्चमध्ये उतरले. नोव्हेंबर १८५४ मध्ये नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. पहिला हिवाळा भयंकर गेला. हगवण, अतिसार, कॉलरा, टायफस अशा रोगांनी सैनिक पटापट मरत होते. मार्च १८५५ च्या सुरुवातीला लंडनहून एक स्वच्छता आयोग तिथे आला. त्याने रुग्णालयाखालची तुंबलेली गटारे धुऊन काढली, मेलेली जनावरे उचलली, पिण्याच्या पाण्याची वाट साफ केली, भिंतींना चुना लावला, हवा खेळती केली.

युद्ध संपल्यावर नाइटिंगेल इंग्लंडला परतल्या, तेव्हा त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता : एवढी माणसे कशाने मेली? शाही आयोग नेमावा म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. १८५७ साली सिडनी हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली तो नेमला गेला. आयोगासाठी त्यांनी स्वतःचा एक अहवाल लिहिला. तो आठशेहून अधिक पानांचा झाला आणि खाजगी रीतीने छापला गेला. त्यात सैन्याचा आहार, बराकी, रुग्णालयांचे बांधकाम, नोंदी ठेवण्याची पद्धत, सगळे होते.

या कामात त्यांना मोठी मदत झाली डॉ. विल्यम फार यांची. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात ते आकडेवारीचे काम पाहत. फार यांचे मत असे की आकडेवारी जितकी रूक्ष तितकी चांगली, तिच्यात भाषेची फुले नकोत. नाइटिंगेल यांनी त्यांचे आकडे घेतले, पण हा सल्ला अर्धाच मानला. मोठ्या अहवालाची परिशिष्टे शास्त्रज्ञ सोडून कोणी उघडत नाही, हे त्या ओळखून होत्या. ज्यांच्या हातात निर्णय होता, ते मंत्री, सेनापती आणि खुद्द राणी, हे आठशे पाने वाचणाऱ्यांपैकी नव्हते.

आधी काय सोडायचे ते ठरवले

एका पानावर आठशे पाने मावत नाहीत. त्यामुळे पहिला निर्णय गाळण्याचा असतो. नाइटिंगेल यांनी आहार गाळला, बराकींचे नकाशे गाळले, रुग्णालयांची नावे गाळली, रोगांची लांबलचक यादीही गाळली. उरला एकच प्रश्न : दर महिन्याला किती सैनिक मेले आणि कशाने?

'कशाने' याचेही तीनच भाग केले. लढाईतील जखमांनी झालेले मृत्यू लाल. इतर कारणांनी झालेले काळे. आणि टाळता येण्याजोग्या किंवा आटोक्यात ठेवता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळे.

निळ्या रंगाला दिलेले हे नाव नीट पाहा. त्या काळच्या वैद्यकात या रोगांना 'झायमॉटिक' म्हणत, म्हणजे शरीरात आंबण्यासारखी क्रिया होऊन होणारे रोग. जंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्य झालेला नव्हता. घाणेरडी हवा रोग आणते, असे नाइटिंगेलही मानत. कारण चुकीचे होते, पण त्यावरचा उपाय, म्हणजे गटार, पाणी, हवा आणि गर्दी सुधारणे, बराचसा बरोबर होता. चित्रावर त्यांनी नुसते 'झायमॉटिक' असे लिहिले नाही, 'टाळता येण्याजोगे' हा शब्द जोडला. त्यामुळे प्रत्येक निळा ठिपका जणू विचारत होता, हा माणूस वाचू शकत होता, मग का मेला? एकपानी चित्रात रंगांच्या नावातच निष्कर्ष बसलेला असतो, तो असा.

पाकळी कशी काढतात?

चित्राचे नाव होते 'पूर्वेकडील सैन्यातील मृत्यूंच्या कारणांची आकृती'. त्यात दोन गोल फुले आहेत. उजवीकडच्या फुलात एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ चे बारा महिने, डावीकडच्यात पुढचे बारा. प्रत्येक महिन्याला एक पाकळी. सगळ्या पाकळ्यांचा कोन सारखाच, ३० अंश. महिन्यागणिक बदलते ती फक्त पाकळीची लांबी. तिन्ही रंग मध्यबिंदूपासूनच मोजायचे, म्हणजे ते एकावर एक रचलेले नसून एकमेकांवर पडलेले आहेत.

आता एक पाकळी प्रत्यक्ष काढून पाहू. जानेवारी १८५५ मध्ये सैन्याची सरासरी संख्या ३२,३९३ होती. त्या महिन्यात रोगांनी २,७६१ जण मेले, जखमांनी ८३ आणि इतर कारणांनी ३२४. रोगांचे मृत्यू भागिले सैन्यसंख्या केली की महिन्याला हजारी सुमारे ८५ येतात. नाइटिंगेल आणि फार यांनी त्याला १२ ने गुणून वार्षिक दर काढला : हजारी १०२२.८.

इथे वाचक दचकतात. हजारात हजाराहून जास्त कसे मरतील? तसे कोणी मेले नाहीत. त्याचा अर्थ इतकाच की मृत्यूंचा हाच वेग वर्षभर टिकला असता, तर पूर्ण सैन्य संपले असते आणि रिकाम्या जागी भरलेले नवे सैनिकही मरू लागले असते. प्रत्यक्षात त्या महिन्यात सर्व कारणे मिळून दहापैकी जवळजवळ एक सैनिक मेला. ते पुरेसे भयानक आहे.

दुसरी पाकळी जून १८५५ ची घेऊ. सैन्य ३८,८६३, रोगांचे मृत्यू ८०२, वार्षिक दर हजारी २४७.६. म्हणजे जानेवारीचा दर जूनच्या सुमारे ४.१ पट. मग जानेवारीची पाकळी जूनच्या ४.१ पट लांब काढायची का?

इथेच खरी मेख आहे. पाकळीची लांबी दुप्पट केली की तिचे क्षेत्रफळ चौपट होते, कारण क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाने वाढते. आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यात भरते ते क्षेत्रफळ, रंगाचा डाग किती मोठा ते. म्हणून ४.१ पट दर दाखवायचा तर लांबी त्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे दुपटीहून किंचित जास्त हवी. जानेवारीची पाकळी १० सेंटिमीटर असेल तर जूनची साधारण ४.९. चुकून लांबीच दराच्या प्रमाणात ठेवली तर जूनची पाकळी २.४ सेंटिमीटरची होईल आणि चार पटींचा फरक डोळ्यांना सतरा पटींचा वाटेल.

नाइटिंगेल यांच्या पहिल्या आकृतीत हेच घडले होते. तिच्यात मध्यापासूनचे अंतर दराच्या प्रमाणात होते आणि टोके रेषांनी जोडली होती. आकार वटवाघळाच्या पंखासारखा झाला. मोठे महिने अवाच्या सवा मोठे दिसत होते. नंतरच्या आकृतीत त्यांनी पद्धत बदलली आणि क्षेत्रफळ दराच्या प्रमाणात आणले. आज आपल्याला जे चित्र दिसते ते हे दुसरे. एक गोष्ट लक्षात घ्या, पहिली आकृती त्यांच्या म्हणण्याला जास्त फायद्याची होती. तरी त्यांनी ती सोडली.

चित्र काय सांगते?

उजव्या फुलात निळ्या रंगाचा प्रचंड फुगवटा, जानेवारीला सर्वांत मोठा. लाल रंग मध्याजवळ दडलेला. इंकरमनची लढाई झाली त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये लाल पाकळी मोठी आहे, पण निळी तिच्याहून कितीतरी मोठी. डावीकडे फूल आकसत गेलेले. सप्टेंबर १८५५ मध्ये, सेव्हास्तोपोलवरच्या अखेरच्या हल्ल्याच्या महिन्यात, लाल रंग निळ्याच्या पुढे जातो. जानेवारी १८५६ मध्ये रोगांचे मृत्यू अवघे ४२, दर हजारी ११.४. आदल्या जानेवारीच्या तुलनेत नव्वदाव्या भागाइतका.

सैनिक शत्रूने मारले नाहीत, रोगाने मारले, आणि तो रोग आटोक्यात आणता येत होता. एवढे सांगायला एक शब्दही वाचावा लागत नाही.

हे पान कोणाला द्यायचे याची यादी नाइटिंगेल यांनी १८५७ च्या नाताळात हर्बर्ट यांना लिहून कळवली. राणी, तिचे पती, युरोपातील राजे, सैन्यातील अधिकारी, पलटणींचे डॉक्टर, संसदेतील आरोग्याचे जाणकार, वर्तमानपत्रे आणि मासिके. आकृती चौकटीत बसवून युद्ध कार्यालयात आणि लष्कराच्या वैद्यकीय खात्यात भिंतीवर टांगाव्यात, अशीही त्यांची कल्पना होती. टांगलेले चित्र कपाटात ठेवता येत नाही, जाता-येता दिसतेच.

साधी पट्टी कधी कधी जास्त बोलते

फुलांचे चित्र प्रसिद्ध झाले, पण माझ्या मते त्यांची दुसरी आकृती त्याहून परिणामकारक आहे. ती नुसत्या आडव्या पट्ट्यांची. शांततेच्या काळात इंग्लंडमध्येच राहणारे सैनिक आणि त्याच वयाचे सामान्य पुरुष यांचा मृत्युदर शेजारी शेजारी. २० ते २५ वयात सामान्य पुरुष हजारी ८.४, सैनिक १७. पंचवीस ते तीस वयात ९.२ आणि १८.३. पस्तीस ते चाळीस वयात ११.६ आणि १९.३.

सैन्यात भरती होते ती निवडून, धडधाकट तरुणांची. त्यांचा मृत्युदर शेजाऱ्यापेक्षा कमी असायला हवा. तो जवळजवळ दुप्पट होता आणि तेव्हा कुठे युद्धही चालू नव्हते. इथे क्षेत्रफळाची भानगड नाही, वर्गमूळ नाही, बारा महिन्यांचा गुणाकार नाही. एक पट्टी दुसरीच्या दुप्पट लांब आहे, हे लहान मूलही सांगेल. शिवाय 'युद्धात माणसे मरायचीच' ही पळवाटही त्यात बंद होते.

पानाने काय लपवले?

आता दुसरी बाजू. दोन फुलांच्या मधली फट मार्च आणि एप्रिल १८५५ च्या मध्ये येते. स्वच्छता आयोग मार्चमध्ये आला. साहजिकच पाहणारा म्हणतो, आयोग येण्यापूर्वी मोठे फूल, आल्यावर लहान. म्हणजे गटारे धुतली आणि मृत्यू थांबले.

पण महिन्यांचे आकडे सुटे पाहिले तर काय दिसते? रोगांचा वार्षिक दर जानेवारीत १०२२.८, फेब्रुवारीत ८२२.८, मार्चमध्ये ४८०.३ आणि एप्रिलमध्ये १७७.५. म्हणजे उतरण आयोग येण्याआधीच सुरू झाली होती. हिवाळा ओसरत होता, अन्न, कपडे आणि निवारा सुधारत होता. त्यानंतर दर खाली गेला आणि पुन्हा तसा वर आला नाही, यात स्वच्छतेचा मोठा वाटा असणे अगदी शक्य आहे. पण किती वाटा स्वच्छतेचा आणि किती इतर गोष्टींचा, हे त्या पानावरून सांगता येत नाही. दुसरे म्हणजे हे आकडे पूर्वेकडील सगळ्या सैन्याचे आहेत, एकट्या स्कुटारीच्या रुग्णालयाचे नाहीत. चित्र पाहणारा मात्र हमखास एका रुग्णालयाची कहाणी समजतो.

आम्ही डॉक्टर याला 'नंतर झाले म्हणून त्यामुळे झाले' असा गोंधळ म्हणतो. सर्दी सात दिवसांनी जाते, सहाव्या दिवशी घेतलेल्या काढ्याला श्रेय मिळते. एकपानी चित्र हा गोंधळ वाढवते, कारण शंका मांडायला त्यात जागाच नसते. ती जागा अहवालात असते. म्हणून पान अहवालाऐवजी नसते, अहवाल पाठीशी उभा असेल तरच त्याला किंमत असते. नाइटिंगेल यांच्या पानामागे महिन्या-महिन्याचा तक्ता छापलेला होता. म्हणूनच आज दीडशेहून अधिक वर्षांनी आपण वरचा हिशेब करून त्यांना प्रश्न विचारू शकतो.

मग भारताची पाळी

१८५९ साली भारतातील सैन्याच्या आरोग्यासाठी दुसरा शाही आयोग नेमला गेला. भारतातल्या लष्करी ठाण्यांना प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या, त्यांत मुंबई इलाख्यातील ठाणीही होती. १८६३ मध्ये अहवाल आला तो दोन जाडजूड खंडांचा, दोन हजारांवर पाने, बहुतेक बारीक टाइपात. तो कोण वाचणार?

नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत. त्यांनी ठाण्यांची उत्तरे वाचून काढली आणि त्यांवर काही मोजक्या पानांची 'निरीक्षणे' लिहिली. या वेळी आलेखांपेक्षा लाकडी ठशांची चित्रे जास्त वापरली : पाणी वाहणारा भिस्ती, विहीर, बराकीत रिकामे बसलेले सैनिक. कारण इथे प्रश्न वेगळा होता. आकडा एकच पुरेसा होता, भारतातील गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९. पण लंडनमधल्या वाचकाला भारतातले पाणी विहिरीतून मशकीत आणि मशकीतून पेल्यात कसे येते हे ठाऊक नव्हते. ते सांगायला आलेख उपयोगाचा नाही, चित्र हवे. निरीक्षणे त्यांनी वेगळी छापून घेतली आणि योग्य हातांत पोहोचतील अशी तजवीज केली. १८६४ मध्ये बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत स्वच्छता आयोग स्थापन झाले.

१८७३ साली नाइटिंगेल यांनी सांगितले की हा दर ६९ वरून १८ वर आला आहे. त्यालाही वरचाच प्रश्न लावायला हरकत नाही : ६९ ही सुमारे चाळीस वर्षांची सरासरी होती आणि त्यात १८५७ च्या आधीच्या लढायांचा आणि साथींचा काळ येतो. सुधारणा खरी होती, तिचे नेमके माप मात्र दोन आकड्यांत बसत नाही.

आता व्हॉट्सॲपवर आरोग्याचे एखादे रंगीत पान आले, तर तीन गोष्टी पाहा. दर कशाचा आहे, म्हणजे किती माणसांमागे आणि किती काळात? चित्रातील गोल, फुगे किंवा माणसांच्या आकृत्या लांबीने वाढवल्या आहेत की क्षेत्रफळाने? दुप्पट आकड्यासाठी दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद माणूस काढला असेल, तर तुम्हाला चौपट दाखवले जात आहे. आणि शेवटचे, पानाच्या तळाशी मूळ अहवालाचे नाव आहे का? तुम्ही तो उघडणार नाही हे मला माहीत आहे. पण ज्याला उघडायचा आहे, त्याला तो सापडला पाहिजे.